घरचा माणूस गेला, त्याचे पैसे कुठे आहेत? शोधायचे कसे, मागायचे कसे

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत कर्जाचे हप्ते आणि बचत झाली की एक प्रश्न हळूच निघतो. "मालक जाऊन दहा वर्षं झाली. पुण्याला होते तेव्हाचं पासबुक पेटीत आहे. आता काय, ते पैसे बुडाले असतील ना?"

बुडालेले नसतात. बँकेतली ठेव कितीही जुनी झाली तरी ती खातेदाराची आणि त्याच्या मागे वारसांची असते. विम्याच्या रकमेला मुदत आहे, पण ती खूप लांबची आहे. कंपनीचे शेअर सरकारी निधीत गेले तरी परत मागता येतात. अडचण वेगळीच असते. पैसे कुठे आहेत हे घरात कुणालाच माहीत नसतं आणि माहीत झालं तर कागद जुळत नाहीत. या लेखात शोधण्यापासून हातात रक्कम येईपर्यंतची वाट क्रमाने सांगते.

समजायला सोपं जावं म्हणून आपल्या भागातल्या एका काकूंचं उदाहरण सोबत घेते. त्यांनी लिहायला परवानगी दिली आहे, नाव मात्र देत नाही. त्यांचे पती १९८७ ते २००० पिंपरी-चिंचवडला एका कारखान्यात कामाला होते. कारखाना बंद पडल्यावर ते गावी आले आणि २०१६ मध्ये वारले. मागे काकू, एक मुलगा, एक लग्न झालेली मुलगी आणि सासूबाई.

पहिलं काम पेटी उघडण्याचं

मोबाइलवर शोधायला बसण्याआधी घरातले कागद एका जागी आणा. ट्रंक, देवघरामागची पिशवी, भिंतीतलं कपाट, माणूस शहरात राहत असेल तर तिथल्या नातेवाइकाकडे ठेवलेली बॅग, सगळं बघा. जुने पासबुक, ठेवीची पावती, विम्याचा हप्ता भरल्याची पावती, शेअरचा जाड छापील कागद, कंपनीकडून आलेलं पाकीट, पगाराची स्लिप. फाटकं म्हणून टाकून देऊ नका. त्यावरचा एक नंबर पुरेसा असतो.

पासबुक सापडलं तर फक्त शेवटची शिल्लक बघून ठेवू नका. आतल्या नोंदी ओळीने वाचा. दर तीन महिन्यांनी किंवा दर वर्षी एकच रक्कम कापली जात असेल तर तो विम्याचा हप्ता असू शकतो. मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये (२०२२ च्या आधी ३३०) कापले असतील तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना. २० रुपये (आधी १२) असतील तर अपघाताची सुरक्षा विमा योजना. या दोन्हींत दोन लाखांचं संरक्षण असतं, म्हणून माणूस नुकताच गेला असेल तर बँकेत सगळ्यात आधी याचीच चौकशी करा. अधूनमधून पन्नास, शंभर, दीडशे असे थोडेसे रुपये जमा झालेले दिसले आणि पुढे कंपनीचं नाव असेल तर तो शेअरचा लाभांश. म्हणजे पासबुक वाचलं की बाकीच्या गोष्टींचा पत्ता लागतो.

काकूंच्या पेटीत तीन गोष्टी निघाल्या. देना बँकेचं पासबुक, त्यात २००० सालची शेवटची शिल्लक १८,४०० रुपये. एलआयसीची पॉलिसी, १९९५ ची, वीस वर्षं मुदतीची, पन्नास हजारांची. आणि एका कंपनीच्या ५० शेअरचं प्रमाणपत्र. घरात सगळ्यांचं मत एकच होतं, "बँक बंद पडली, पॉलिसी बंद पडली, आणि तो तिसरा कागद कशाचा कुणास ठाऊक."

वारस कोण, हे आधी ठरवून घ्या

पुढे प्रत्येक ठिकाणी हाच प्रश्न विचारला जातो, म्हणून तो आधीच मिटवा.

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या पैशात पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांचा सारखा हिस्सा असतो. आपल्याकडे दोन नावं हमखास विसरली जातात, लग्न होऊन गेलेली मुलगी आणि सासूबाई. काकूंच्या घरी म्हणून चार वारस झाले. मुसलमान, ख्रिस्ती कुटुंबांत वाटणीचे नियम वेगळे आहेत, ते विचारून घ्या.

नॉमिनी म्हणजे मालक, असाही एक समज आहे. बँकेतल्या ठेवीवर ज्याचं नाव नॉमिनी म्हणून आहे त्याच्या हातात बँक पैसे देते, पण त्याने ते वारसांसाठी सांभाळायचे असतात. सर्वोच्च न्यायालयाने शेअरच्या बाबतीतही २०२३ मध्ये हेच सांगितलं. आयुर्विम्यात थोडा फरक आहे. तिथे पत्नी, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर २०१५ च्या कायदा-दुरुस्तीनंतर ती रक्कम साधारणपणे त्यांचीच धरली जाते. दीर किंवा पुतण्या नॉमिनी असेल तर तसं नाही.

हे सांगायचं कारण असं की पुरुषांची बरीच खाती लग्नाआधी उघडलेली असतात. तेव्हा नॉमिनी म्हणून वडिलांचं किंवा भावाचं नाव टाकलेलं असतं आणि पुढे कुणी ते बदलत नाही. तुमच्या बाबतीत दीर नॉमिनी निघाला तर घाबरू नका आणि भांडतही बसू नका. पैसे त्याच्या हातात पडायच्या आधी बँकेला लेखी कळवा की आम्ही एवढे वारस आहोत, आणि अर्जाची पोच घ्या. वाद मिटत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, तिथे मोफत वकील मिळतो.

तलाठ्याकडची सातबाऱ्यावरची वारसनोंद ही जमिनीसाठी असते. ती जोडायला उपयोगी पडते, पण बँकेने वारस प्रमाणपत्र मागितलं तर त्याच्या जागी ती चालेलच असं नाही. वारस प्रमाणपत्र आणि उत्तराधिकार प्रमाणपत्र न्यायालयातून मिळतं. मात्र रक्कम लहान असेल तर त्याची गरजच पडत नाही. ते पुढे येईलच.

मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीतून घ्या, आणि एकदम पाच-सहा प्रती घ्या. त्यावरचं नाव पासबुकातल्या नावाशी ताडून बघा. एकीकडे आडनाव आधी, एकीकडे नाव आधी, एकीकडे वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर, असा फरक असेल तर 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र करावं लागतं. हे एकदाच करून ठेवलं की तिन्ही ठिकाणी चालतं.

बँकेतली ठेव

दोन वर्षं खात्यावर खातेदाराने काहीच व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं तसंच राहिलं की बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जमा करते. हा निधी २०१४ पासून आहे. पण मागायचं मात्र बँकेकडेच. बँक तुम्हाला पैसे देते आणि नंतर निधीतून आपले भरून घेते. तुम्हाला रिझर्व्ह बँकेत जायची गरज नाही.

अशा ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये उद्गम नावाचं पोर्टल सुरू केलं. पत्ता आहे udgam.rbi.org.in. मोबाइल नंबर टाकून नोंदणी करायची, ओटीपी येतो, मग खातेदाराचं नाव आणि बँक निवडायची. सोबत पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा जन्मतारीख यांपैकी काहीतरी एक द्यायचं. याला पैसे लागत नाहीत. सापडलं तर एक संदर्भ क्रमांक मिळतो, तो लिहून घ्या. रक्कम किती ते तिथे कळत नाही, ते शाखेतच कळतं.

उद्गमवर काही सापडलं नाही म्हणजे काहीच नाही, असं समजू नका. त्याची कारणं तीन आहेत.

एक, तिथे फक्त दहा वर्षं होऊन निधीत गेलेल्या ठेवी दिसतात. माणूस तीन वर्षांपूर्वी गेला असेल तर त्याचं खातं तिथे दिसणारच नाही. त्यासाठी सरळ शाखेत जायचं.

दोन, तिथे सुमारे तीस मोठ्या बँका आहेत. गावची पतसंस्था ही बँक नव्हे, ती तिथे नाही. पोस्टाची खातीही नाहीत. जिल्हा सहकारी बँक, नागरी बँक यांची चौकशी त्यांच्या शाखेत किंवा त्यांच्या वेबसाइटवरच्या बेवारस ठेवींच्या यादीत करा.

तीन, स्पेलिंग. जुन्या खात्यांवर नाव कारकुनाने हाताने लिहिलं आणि पुढे कुणीतरी संगणकावर चढवलं. दत्तात्रय हे नाव `Dattatray`, `Dattatraya`, `Dattatrey` असं कसंही असू शकतं. म्हणून तीन-चार प्रकारे टाकून बघा.

बँक बंद पडली म्हणतात तेव्हा ती बहुतेक वेळा दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते. देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेली. सिंडिकेट बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत गेली, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत. जुन्या पासबुकावरची बँक आज कुठल्या नावाने आहे ते आधी विचारा आणि उद्गमवर नवीन नाव निवडा.

काकूंच्या मुलाने आधी देना बँक शोधली, ती यादीत नव्हती. मग बँक ऑफ बडोदा निवडून जन्मतारीख टाकली. पहिल्या दोन स्पेलिंगला काही आलं नाही, तिसऱ्याला नाव आणि पुण्याचा जुना पत्ता आला.

आता मागणी. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये मृत खातेदारांच्या दाव्यांसाठी सगळ्या बँकांना एकसारखी पद्धत घालून दिली आणि ३१ मार्च २०२६ पर्यंत ती लागू करायला सांगितली. त्यातलं आपल्या कामाचं असं.

नॉमिनी किंवा संयुक्त खातेदार हयात असेल तर दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीचं ओळखपत्र एवढंच पुरतं. बँकेने उत्तराधिकार प्रमाणपत्र मागायचं नाही.

नॉमिनी नसेल, पण मृत्युपत्र नाही, वाद नाही आणि रक्कम पंधरा लाखांपर्यंत आहे (सहकारी बँकेत पाच लाखांपर्यंत), तरीही न्यायालयात जावं लागत नाही. वारस मिळून अर्ज देतात. सोबत मृत्यूचा दाखला, ओळखपत्रं, आणि पुढे दुसरा हक्कदार निघाला तर आम्ही भरून देऊ असं हमीपत्र. जे वारस पैसे घेणार नाहीत त्यांचं ना-हरकत पत्र. आणि वारस नेमके कोण हे सांगणारं प्रमाणपत्र, किंवा कुटुंबाला ओळखणाऱ्या पण नात्यात नसलेल्या आणि बँकेला मान्य असलेल्या माणसाचं निवेदन. बाहेरचा जामीनदार मागायचा नाही असंही नियमात आहे.

सगळे कागद दिल्यापासून पंधरा दिवसांत बँकेने दावा निकाली काढायचा. उशीर झाला आणि चूक बँकेची असेल तर वरून व्याज द्यायचं. म्हणून कागद दिल्याची तारखेसह पोच घेतल्याशिवाय शाखेतून निघू नका.

काकूंच्या खात्यावर नॉमिनी सासरे होते, ते २००३ मध्येच गेले. म्हणजे नॉमिनी नाहीच. त्यांनी चौघांचे कागद लावले. सासूबाईंना सही येत नाही, त्यांचा अंगठा बँकेत अधिकाऱ्यासमोर घेतला. ओळखीचं निवेदन गावातल्या निवृत्त गुरुजींनी दिलं. मुलीचं नाव घालायचंच कशाला, असं घरात कुणीतरी म्हणालं होतं. तिचं नाव लपवलं असतं तर ते खोटं प्रतिज्ञापत्र झालं असतं आणि पुढे हमीपत्रावर सही करणारे सगळे अडकले असते. मुलगी आली, तिने ना-हरकत दिली. सासूबाईंनी आपला हिस्सा मागितला. व्याज धरून सुमारे ४२ हजार रुपये आले, त्यातले साडेदहा हजार सासूबाईंच्या खात्यावर गेले.

१८,४०० चे ४२ हजार झाले हे ऐकून बरं वाटतं, पण ते पंचवीस वर्षांत झाले. निधीत गेलेल्या रकमेवर सध्या वर्षाला तीन टक्के साधं व्याज मिळतं. पैसे बुडत नाहीत, पण वाढतही नाहीत.

विम्याची रक्कम

"हप्ते थकले म्हणजे पॉलिसी मेली" हा समज सगळ्यात जास्त नुकसान करतो. जुन्या पॉलिसींत साधारणपणे तीन वर्षांचे हप्ते पूर्ण भरलेले असतील तर पॉलिसी मरत नाही. ती कमी रकमेची होऊन चालू राहते, त्याला पेड-अप म्हणतात. हिशेब सोपा आहे. जितक्या वर्षांचे हप्ते भरले तितक्या प्रमाणात विम्याची रक्कम, अधिक तोपर्यंत जमलेला बोनस. मुदत संपल्यावर किंवा त्याआधी मृत्यू झाल्यावर ती मिळते.

काकूंच्या पतींनी वीसपैकी सहा वर्षं हप्ते भरले होते. पन्नास हजारांचे सहा-वीसांश म्हणजे पंधरा हजार, आणि सहा वर्षांचा बोनस वेगळा. ही रक्कम २०१५ मध्ये मुदत संपल्यावर त्यांना स्वतःलाच मिळायला हवी होती. पण एलआयसीकडे पत्ता पुण्याच्या खोलीचा होता, त्यामुळे पत्र गावी आलंच नाही. पुढच्या वर्षी ते गेले.

पॉलिसीचा कागद असेल तर त्यावरच्या शाखेत, किंवा जवळच्या शाखेत, पॉलिसी क्रमांक दाखवून स्थिती विचारा. कागद नसेल तर एलआयसीच्या वेबसाइटवर न मागितलेल्या रकमा शोधायची सोय आहे, licindia.in वर. नाव आणि जन्मतारीख लागते. खासगी कंपन्यांच्याही वेबसाइटवर अशी सोय असते. विमा नियामकाच्या bimabharosa.irdai.gov.in वरून सगळ्या कंपन्यांच्या शोध-पानांकडे जाता येतं. कुठली कंपनी हेच माहीत नसेल तर पासबुकातल्या कापलेल्या हप्त्याच्या नोंदीकडे परत जा.

विम्यात मुदतीकडे लक्ष ठेवा. दहा वर्षं न मागितलेली रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते. तिथे गेल्यापासून पंचवीस वर्षांपर्यंत ती विमा कंपनीकडूनच मागता येते. त्यानंतर हक्क संपतो. बँकेच्या ठेवीला अशी मुदत नाही, विम्याला आहे.

लागणारे कागद असे: दाव्याचा अर्ज, मूळ पॉलिसी, मृत्यूचा दाखला, नॉमिनीचं ओळखपत्र आणि तिच्या नावाच्या बँक खात्याचं पासबुक. मूळ पॉलिसी हरवली असेल तर हमीपत्र देऊन काम होतं, फक्त ते शाखेत आधी विचारून करा. काकू स्वतः नॉमिनी होत्या, म्हणून इथे बाकी कुणाच्या सह्या लागल्या नाहीत. त्यांचं खातं जनधनचं होतं आणि केवायसी जुनी झाल्याने अडकलेलं होतं. रक्कम आधी परत गेली, केवायसी केल्यावर जमा झाली. म्हणून अर्ज देण्याआधी स्वतःचं खातं चालू आहे का ते बघून घ्या.

शेअर: आधी बघा कुठला शेअर

आपल्याकडे 'शेअर' म्हटलं की दोन वेगळ्या गोष्टी असतात. साखर कारखाना, दूध संघ, विकास सोसायटी, पतसंस्था यांचा शेअर हा सभासदत्वाचा भाग असतो. त्यासाठी संस्थेच्या कार्यालयात मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद देऊन तो नॉमिनीच्या किंवा वारसाच्या नावावर करून घ्यायचा, सोबत थकलेला लाभांश विचारायचा. त्याचा पुढच्या माहितीशी संबंध नाही.

दुसरा शेअर कंपनीचा. नव्वदच्या दशकात शहरात कामाला असलेल्या बऱ्याच जणांनी असे शेअर घेतले होते. सात वर्षं सलग लाभांश कुणी घेतला नाही की लाभांश आणि शेअर दोन्ही सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीत जातात. तिथून ते परत मागता येतात, पण वाट लांब आहे.

म्हणून आधी कागदाला काही किंमत उरली आहे का ते बघा. कंपनी चालू आहे का, नाव बदललं आहे का, हे mca.gov.in वर कंपनीची मूळ माहिती उघडली की कळतं. तिथे कंपनी नोंदणीतून काढून टाकलेली दिसली तर त्या प्रमाणपत्रासाठी खर्च करू नका. कंपनी चालू असेल तर iepf.gov.in वर नाव किंवा प्रमाणपत्रावरचा फोलिओ क्रमांक टाकून शोधा.

सापडलं की लगेच सरकारी फॉर्म भरायला जाऊ नका. क्रम असा आहे. आधी कंपनीला किंवा तिच्या वतीने शेअरची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारला लिहायचं, त्यांचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर असतो. मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद देऊन शेअरवरचा आपला हक्क त्यांच्याकडून मान्य करून घ्यायचा. कागदी शेअरची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर इथेही उत्तराधिकार प्रमाणपत्र लागत नाही, हमीपत्र आणि ना-हरकत पत्रांवर काम होतं. कंपनी हक्कपत्र देते. मग आयईपीएफ-५ हा फॉर्म ऑनलाइन भरायचा आणि त्याची प्रत मूळ कागदांसह कंपनीकडे पाठवायची. कंपनी तपासून निधीला अहवाल देते आणि मंजुरीनंतर शेअर तुमच्या डीमॅट खात्यात येतात. म्हणजे पॅन आणि डीमॅट खातं आधी हवं. फॉर्मला सरकारी फी नाही.

काकूंचं पॅन नव्हतं, ते काढलं, डीमॅट उघडलं. कंपनी चालू आहे आणि मधे तिने बोनस शेअर दिल्यामुळे ५० चे १०० झाले आहेत. हक्कपत्र आलं आहे, फॉर्म भरला आहे, निधीची मंजुरी अजून यायची आहे. याला महिने लागतात. दाखल क्रमांक जपून ठेवायचा आणि अधूनमधून स्थिती बघायची.

मधला माणूस

शेअर शोधून देतो, ठेव काढून देतो म्हणत रकमेचा चौथा, तिसरा हिस्सा मागणारे फिरत असतात. काहींना तुमचं नाव आणि कंपनीचं नाव आधीच माहीत असतं, म्हणून खरं वाटतं. पण न मागितलेल्या रकमांची माहिती बँका आणि कंपन्या वेबसाइटवर जाहीर करतातच, त्यामुळे नाव माहीत असण्यात विशेष काही नाही. 'आधी दोन हजार प्रोसेसिंग भरा' म्हणणारा, ओटीपी विचारणारा किंवा कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही मागणारा असेल तर तिथेच थांबा. उद्गमवरचा शोध, विम्याचा दावा आणि आयईपीएफ फॉर्म या तिन्हींची फी शून्य आहे. खर्च असतो तो स्टॅम्प, नोटरी, झेरॉक्स आणि एसटीचा.

वकील किंवा जाणकार लागला तर त्याचं मानधन कामाचं ठरवा, टक्केवारीचं नको.

शाखेने परत पाठवलं तर

"साहेब नाहीत, पुढच्या महिन्यात या" असं झालं तर तोंडी बोलणं थांबवा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, काय कमी आहे ते लिहून मागा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, माहितीसाठी फोन १४४४८. विमा कंपनीसाठी विमा भरोसाचा फोन १५५२५५. दोन्हींना पैसे लागत नाहीत. तक्रारीत अर्जाची तारीख आणि पोच लागतेच, ती नसेल तर तक्रार उभी राहत नाही.

एक वही करा

शंभर पानी एक वही घ्या. बँकेला, विम्याला आणि शेअरला वेगवेगळी पानं ठेवा. प्रत्येक पानावर तारीख, कुठे गेलो, कुणाला भेटलो, काय दिलं, काय सांगितलं. काकूंची वही आता बावीस पानं भरली आहे. बँकेत दुसऱ्यांदा तोच कागद मागितला तेव्हा त्यांनी तारखेसह पोच दाखवली आणि काम पुढे सरकलं.

त्याच वहीच्या शेवटच्या पानावर आपली स्वतःची खाती, पॉलिसी, गटातली बचत आणि प्रत्येकाचा नॉमिनी लिहून ठेवा. लग्नाआधीचं नाव, जुना पत्ता किंवा गेलेल्या माणसाचं नाव नॉमिनी म्हणून दिसलं तर पुढच्या बँकेच्या खेपेत बदलून घ्या. ते पान घरातल्या एकीला तरी दाखवून ठेवा.

ज्यांच्या घरी असे जुने कागद आहेत त्यांनी पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीला ते सोबत आणावेत. मूळ कागद घरीच ठेवा, झेरॉक्स आणा. उद्गमवरचा शोध तिथेच मोबाइलवर बसून करू. पासबुक मात्र खरंच आणा, कारण आतली नोंद बघितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.